वानखेडे काका आणि एकतीस मिनिटांचं ऊन

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यापर्यंत चौतीस पायऱ्या आहेत आणि त्यांतली सातवी पायरी इतरांपेक्षा नऊ मिलिमीटरनं उंच आहे. ही माहिती बाळगून मला आयुष्यात काडीचाही फायदा झालेला नाही. पण वानखेडे काकांच्या शेजारी ज्याचं लहानपण गेलं त्याला असल्या गोष्टी पाठ असायच्याच. सातव्या पायरीवर आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ठेचकाळायचा. लोक आपल्या चपलेला दोष द्यायचे. काकांनी एक दिवस खिशातून टेप काढला, सगळ्या पायऱ्या मोजल्या आणि जिन्यातल्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून टाकलं, ‘पायरी ७. चूक गवंड्याची. आपली नाही.’

खडकीच्या कारखान्यात काका गेज तपासायचे. म्हणजे ज्या मापांनी बाकीचे लोक माल मोजतात ती मापंच बरोबर आहेत की नाहीत, हे बघायचं. तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाचा जगातल्या कुठल्याही आकड्यावरचा विश्वास उडतो, तसा त्यांचा उडाला होता. समोरच्यानं आकडा उच्चारला की काका मान किंचित तिरकी करून विचारत, “मोजलं का, बाप्पा?” ते मूळचे वर्ध्याकडचे. तीस वर्षांत पुण्याचा खोचकपणा त्यांनी पुरेपूर उचलला होता, पण त्या ‘बाप्पा’ला मात्र त्यांनी हात लावू दिला नव्हता.

माझे वडील एकदा जिन्यात त्यांना म्हणाले, दोन मिनिटांत येतो, आपण बरोबरच निघू. वडील खाली आले तेव्हा काका घड्याळ धरून उभे होते. नुसतं “अकरा” म्हणाले आणि चालू लागले. कुणाच्या लग्नाच्या पत्रिकेत ‘कार्यालय स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर’ असं छापलेलं होतं. काकांनी यजमानाला पोस्टकार्ड पाठवलं की, आपल्या हाकेची लांबी कळवावी, त्यानुसार घरून निघता येईल. नव्या बाळाला बघायला गेले तर आई-बाप, आजी-आजोबा सगळे म्हणत होते, कित्ती छोटंसं आहे. काका म्हणाले, एक्कावन्न सेंटिमीटर, छोटं कसलं? आणि खरंच एक्कावन्न निघालं.

आमच्या घरात या सगळ्याची यथेच्छ टिंगल चालायची. वडील त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणत. मीही हसायचो. फक्त त्यांच्या घरात जायला मला आवडत नसे, कारण तिथं वागणं फार अवघड होतं. त्यांच्याकडे खुर्च्या, टेबल, पलंग, पाण्याचा माठ, सगळ्यांच्या पायांभोवती फरशीवर खडूनं चौकोन आखलेले होते. खुर्ची बोटभर जरी त्या चौकोनाबाहेर सरकली तरी काका तुमच्यासमोर येऊन ती परत जागेवर बसवत. तुम्ही तिच्यावर बसलेले असलात तरी. वेड्याचं घर, असं मी आईला सांगितलं होतं. आई मला एवढंच म्हणाली की, काकूंना दिसत नाही रे.

काकूंना काचबिंदू होता. उजेड आणि अंधार, एवढाच फरक त्यांना कळायचा. त्या गॅलरीच्या दाराशी, आतल्या बाजूला, पश्चिमेकडे तोंड करून एका वेताच्या खुर्चीत बसलेल्या असत. घरात घड्याळं चार होती, पण काकूंचं घड्याळ वेगळं होतं. थंडीच्या दिवसांत ऊन त्यांच्या पायांवर तीन वाजता यायचं, गुडघ्यांवर साडेतीनला, आणि सूर्य खाली जाईल तसतसं वर चढत पावणेपाचला तोंडावर. तोंडावर आलं की त्या हाक मारायच्या, “अहो, चहा ठेवा.” काका उठून चहा ठेवायचे. चहा पीत दोघं उन्हाकडे तोंड करून बसायचे. काकू डोळे मिटायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, एवढा उजेड दिवसभरात मला दुसऱ्या कशातच दिसत नाही.

मी तेव्हा आठवीत होतो. केबल टीव्ही घराघरांत शिरला होता, चौकाचौकांत कॉम्प्युटरचे क्लास निघत होते आणि मोकळ्या जागा पटापट संपत होत्या. आमच्या पश्चिमेला बिस्किटांच्या एका बंद कारखान्याच्या बुटक्या पत्र्याच्या शेड होत्या. त्यांच्यावरून आम्हाला थेट सूर्यास्त दिसायचा आणि पतंगाला मोकळं आभाळ मिळायचं. पतंग हे माझं त्या काळातलं खरं शिक्षण. माझा जोडीदार अस्लम. त्याच्या वडिलांचं बाजारात पतंगाचं दुकान होतं, त्यामुळे आम्हाला कच्च्या मालाची ददात नव्हती.

संक्रांतीच्या बऱ्याच आधी, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी गच्चीवर मोठ्यानं जाहीर केलं की, माझा पतंग दोनशे मीटर वर गेलाय. काका गच्चीवर पाण्याच्या टाकीतली पातळी मोजायला आले होते. त्यांची मान तिरकी झाली.

मी म्हटलं, चक्रीवर दोनशे मीटर असं छापलंय. काकांनी शांतपणे विचारलं की, चक्रीवर अजून दोरा दिसतोय तो कुणाचा? मग त्यांनी मला पतंग उतरवायला लावला, आणि उतरवताना दोरा दोन्ही हात पसरून वावावावानं मोजायला लावला. माझा वाव त्यांनी टेपनं मोजला, एक मीटर चाळीस. एकाहत्तर वाव भरले. म्हणजे आभाळात गेलेला दोरा शंभर मीटर. माझ्या पतंगाची निम्मी उंची तिथंच गेली.

“आणि पतंग काय तुझ्या डोक्यावर होता का रे पोट्ट्या? तो तर तिकडं होता, लांब. तिरक्या शिडीची लांबी ही भिंतीची उंची असते का?”

दुसऱ्या दिवशी ते माझ्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आले. त्याच्या सरळ कडेच्या मध्यबिंदूतून एक दोरा ओवला आणि दोऱ्याच्या टोकाला एक लोखंडी नट बांधला. सरळ कड वर, गोल बाजू खाली. सरळ कडेवरून एक डोळा मिटून पतंगाकडे बघायचं आणि नट स्थिर झाला की दोरा कुठल्या आकड्यावरून लोंबतोय ते दुसऱ्यानं वाचायचं. शंभर मीटर दोरा सोडून मी पतंग बदवला, अस्लमनं वाचलं, पन्नास. खाली येऊन आलेखाच्या वहीवर मी एका सेंटिमीटरला दहा मीटर धरून दहा सेंटिमीटरची तिरकी रेघ मारली, पन्नास अंशांच्या कोनात. तिच्या टोकापासून खाली उभी रेघ टाकली. ती भरली सात पूर्णांक सात. सत्त्याहत्तर मीटर! मी वही घेऊन काकांच्या दारात गेलो. छाती पुढे काढून गेलो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काकांनी वही पाहिली नाही. ते मला गॅलरीत घेऊन गेले आणि कोनमापकातून समोरच्या, अगदी आमच्या डोळ्यांच्या पातळीतल्या एका खिडकीकडे बघायला सांगितलं. दोरा कुठं आहे? नव्वदवर, मी म्हटलं. म्हणजे ती खिडकी नव्वद अंश वर आहे का, डोक्यावर? मग माझी चूक मला कळली. सरळ समोर पाहिलं की दोरा नव्वद दाखवतो, आणि जितकं वर बघू तितका तो नव्वदातून कमी होतो. त्यामुळे नव्वदातून पन्नास वजा करायचे, पतंगाचा कोन चाळीस. पुन्हा रेघ मारली. सहा पूर्णांक चार, म्हणजे चौसष्ट मीटर.

“आता झोळ धर. शंभर मीटर दोरा काठीसारखा सरळ राहत नाही, मध्ये लोंबतो. सरळ अंतर कमीच भरतं. साठ म्हण.”

दोनशेवरून साठ. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. ते म्हणाले, हे साठ गच्चीपासून. जमिनीपासून हवी तर गच्चीची उंची मिळव, तेरा मीटर वीस. एवढं उदार मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मला नादच लागला. दोरा, कोन, वही. पंधरा दिवसांत मी इतका तयार झालो की कोनमापक न लावता नुसत्या दोऱ्याच्या उताराकडे बघून कोन सांगायचो आणि अस्लम तो तपासायचा. दोन-तीन अंशांच्या पलीकडे मी चुकत नसे. काकांनी त्याला ‘बरं’ असं म्हटलं. त्यांच्या तोंडून ‘बरं’ मिळणं म्हणजे काय, ते आमच्या इमारतीतल्या मोठ्या माणसांना विचारावं.

त्याच सुमाराला शेजारच्या शेड पाडल्या गेल्या. पार्किंग आणि वर चार मजले, असा फलक लागला. काका दुसऱ्याच दिवशी साइटवर गेले आणि भिंतीवर लावलेला नकाशा तासभर वाचून आले. मग त्यांनी टेपनं अंतरं मोजली, चार दिवस काकूंच्या खुर्चीमागे उभं राहून उन्हाच्या वेळा लिहिल्या, आणि बिल्डरला पत्र लिहिलं. मग दुसरं. मग तिसरं. उत्तर आलं नाही. वडील म्हणाले, फूटपट्टी आता कोर्टात जाणार. मलाही वाटलं की काकांना भांडायला नवा माणूस मिळाला.

प्रकरण काय आहे ते त्यांनी मला वहीवर काढून दाखवलं तेव्हा कळलं. काकूंची खुर्ची आणि नव्या इमारतीचा दक्षिणेकडचा जिना यांत अंतर चाळीस मीटर. खुर्चीत बसलेल्या काकूंचं तोंड जमिनीपासून सात मीटरवर. नव्या गच्चीचा कठडा सोळा मीटरवर. त्या कठड्याआड सूर्य जाईल सव्वापाचला. त्याबद्दल काकांची तक्रार नव्हती. त्याची जागा आहे, तो बांधणार, आपण कोण अडवणारे, असं ते म्हणाले. पण त्या दक्षिणेच्या जिन्यावर नकाशात पाण्याची टाकी होती, आणि टाकीचा माथा होता एकवीस मीटरवर. टाकी चांगली आठ मीटर रुंद, आणि जानेवारीतला सूर्य नेमका तिच्यामागूनच उतरणार. सूर्य टाकीआड जाणार चार वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी. म्हणजे ऊन गुडघ्यांवर येणार, छातीवर येणार, आणि तोंडावर यायच्या वेळेला विझणार.

“एकतीस मिनिटं,” काका म्हणाले. “तेवढीच मागतोय. उत्तरेकडं दुसरा जिना आहे. टाकी त्याच्यावर ठेवा. पाइप तेवढाच लागतो, मी मोजलाय.”

मी विचारलं, मग उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकेल, तेव्हा ती टाकी आड येईल की. ते म्हणाले, उन्हाळ्यात आली तर उपकारच होतील. मग त्यांनी वही मिटली. पलीकडे काकू वाती वळत होत्या. काका हळू आवाजात म्हणाले की, तिला अजून सांगितलेलं नाही. एवढंच बोलले. पण तेव्हा मला पहिल्यांदा ते खडूचे चौकोन नीट दिसले. दारापासून खुर्ची सात पावलं, खुर्चीपासून माठ चार, माठापासून मोरी पाच, आणि जिन्यातली सातवी पायरी. काका घर मोजत होते ते काकूंसाठी, आणि मी त्याला वेड्याचं घर म्हटलं होतं. मला फार लाज वाटली.

साइटवर एक तरुण इंजिनिअर होता. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. पुढच्या आठवड्यात पाया-खांबांची आखणी पक्की होणार, एकदा टाकीचे खांब धरले की बदल नाही. काकांची पत्रं त्यानं वाचली होती. तो म्हणाला, काका, कागदावर सगळंच सिद्ध करता येतं. काका म्हणाले, मग आभाळात करून दाखवतो, तुम्ही संक्रांतीच्या दिवशी साडेचारला फक्त या. आणि घरी येऊन मला म्हणाले, पतंग एकवीस मीटरवर, त्या जिन्याच्या बरोबर वर, उभा ठेवता येईल का? मी म्हटलं, येईल. त्यांनी ‘मोजलं का?’ असं विचारलं नाही, यानंच मला घाम फुटला.

तयारी अशी केली. मांजा नको, साधा पांढरा दोरा. आमच्या मजल्यावरचा व्हरांडा काकांच्या हिशेबानं चौदा मीटर. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत, असा दोरा ताणून अठ्ठावीस मीटरवर शाईची खूण केली, आणि पुढे प्रत्येक मीटरला एकेक. वहीवर एका सेंटिमीटरला दोन मीटर धरून चौदा सेंटिमीटरची रेघ पंचेचाळीस अंशांत मारली. उभी रेघ भरली नऊ पूर्णांक नऊ, म्हणजे एकोणीस मीटर ऐंशी. माझा हात जमिनीपासून एक मीटर वीसवर. बेरीज बरोबर एकवीस. पंचेचाळीसचा आणखी एक फायदा काकांनी दाखवला. त्या कोनाला उंची आणि जमिनीवरचं अंतर सारखंच असतं, त्यामुळे मी जिन्याच्या जागेपासून वीस मीटर अलीकडे उभा राहिलो की पतंग आपोआप तिच्या डोक्यावर येणार. अट एकच, वारा पूर्वेकडून हवा. अस्लमच्या वडिलांनी पाऊण मीटर रुंदीचा काळा पतंग बनवून दिला, डोलू नये म्हणून त्याला लांब शेपटी लावून. पैसे घेतले नाहीत. काकूंसाठी ना, म्हणाले.

संक्रांतीच्या दुपारी वारा होता, आणि पूर्वेचाच होता. आजूबाजूच्या गच्च्यांवर आरडाओरडा चालला होता. मी आणि अस्लम साइटवरच्या खडी-वाळूत उभे. सव्वाचारला पतंग चढला आणि शाईची खूण माझ्या बोटात आली. अस्लमनं कोन वाचला, नव्वदातून वजा करून पंचेचाळीस. इंजिनिअरनं तिपाईवर त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावला होता. हसत हसत त्यानं मला विचारलं की, किती उंच आहे तुझा पतंग?

मी म्हटलं, “एकवीस. पण झोळ धरून साडेवीस.”

त्यानं दुर्बिणीतून पाहिलं, चकती फिरवली, कागदावर काहीतरी मांडलं. मग पुन्हा पाहिलं. त्याचं हसू गेलं. वीस मीटर साठ, तो म्हणाला, आणि माझ्या हातातल्या दोऱ्याकडे आणि त्या लोंबणाऱ्या नटाकडे बघत राहिला. मग तो आमच्या इमारतीकडे वळला आणि जिना चढून गेला. सातव्या पायरीवर ठेचकाळला, हे काकांनी मला नंतर सांगितलं.

वर काय चाललं होतं ते मला काकांकडूनच कळलं. इंजिनिअर काकूंच्या खुर्चीमागे उभा राहिला. काकूंना वाटलं, कुणीतरी तिळगूळ द्यायला आलंय. त्यांनी त्याच्या हातावर वडी ठेवली. ऊन त्यांच्या हनुवटीवर होतं. घड्याळात चार चाळीस झाले होते.

आणि खाली वारा पडला.

पूर्ण पडला नाही, पण सैल झाला. दोऱ्याचा उतार माझ्या डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. अस्लमनं घाबरून वाचलं, चाळीस. पतंग खाली आला होता, आणि वर गॅलरीतून बघणाऱ्याला सूर्य त्याच्या बराच वर दिसत असणार. विचारायला काका नव्हते. पण माझ्या डोक्यात वहीतली रेघ उभी राहिली. चाळीस अंशांना दहाला सहा पूर्णांक चार. म्हणजे अठ्ठावीसला अठरा. पाहिजेत जवळपास वीस. आणखी तीन मीटर दोरा सोडला की एकतीसला वीस होतील. पण मग पतंग लांब जाणार, जिन्याच्या पलीकडे चारेक मीटर. म्हणून मी तीन खुणा बोटांतून हलकेच सोडल्या आणि त्याच वेळी दोरा ताणून धरत मागे चालत आलो, चार मीटर, मोजून सहा पावलं. खडीवर पाय सरकत होता. पतंग डळमळला, सावरला, आणि वर चढून टाकीच्या जागेवर येऊन उभा राहिला. कोनमापक बघायची मला गरज नव्हती. मला माहीत होतं.

पतंग काही खिळ्यानं ठोकलेला नसतो. तो थोडा डावीकडे जायचा, थोडा उजवीकडे, परत यायचा. पण चार चव्वेचाळीसला तो सूर्यावर आला, गेला, पुन्हा आला. वर गॅलरीच्या दारात काकूंनी मान उचलली.

“अहो, ढग आला का?”

पतंग परत सूर्यावर आला. काकूंनी हात पुढे करून हवेत चाचपलं, जणू कुणी मध्ये येऊन उभं राहिलंय. त्या म्हणाल्या, “सारखा येतोय आणि जातोय. संक्रांतीला ढग कसे हो? माझा चहा राहिला.” इंजिनिअर खुर्चीमागे होता. त्याच्या हातात तिळाची वडी तशीच होती. तो काकांना म्हणाला, “उत्तरेच्या जिन्यावर घेता येईल. मी बदलून घेतो.” काका म्हणाले, “बरं.” मग ते चहा ठेवायला आत गेले, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ आत राहिले. दोन कपांच्या चहाला किती वेळ लागतो ते सगळ्या इमारतीत त्यांना एकट्यालाच सेकंदापर्यंत माहीत होतं.

इंजिनिअर शब्दाला जागला. सात-आठ महिन्यांत इमारत उभी राहिली आणि टाकीचे खांब उत्तरेकडे चढले. काकांनी टेप घेऊन खात्री करून घेतली, ते वेगळं. माझे वडील त्यांना त्यानंतर ‘फूटपट्टी’ म्हणाले नाहीत. मी पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेलो. आता मीटिंगमध्ये कुणी ‘काम नव्वद टक्के झालंय’ असं म्हणालं की माझी मान आपोआप तिरकी होते. लोक मला तुसडा म्हणतात. मला त्यात गैर काही वाटत नाही.

पण मला सांगायचं होतं ते पुढच्या संक्रांतीचं. नव्या इमारतीची गच्ची समोर होती, तिच्यावर अनोळखी पोरं होती, आणि सूर्य मोकळा होता. साडेचारच्या सुमाराला काकांनी मला बोलावलं. त्यांना विचारायला अवघड जात होतं, हे दिसत होतं. म्हणाले, पतंगाचा दोरा तिच्या हातात देता येईल का? तिनं कधी धरलेला नाही.

अस्लमनं गच्चीवरून पतंग बदवला. आभाळात दीडेकशे मीटर दोरा गेल्यावर त्यानं चक्री दुसऱ्या एका दोरीला बांधून सावकाश खाली सोडली आणि मी ती गॅलरीत झेलली. काकूंची खुर्ची दाराच्या आत होती, दोरा तिथवर पोचेना. मी काही म्हणायच्या आत काकांनी काकूंना उठवलं, खुर्ची उचलली, खडूचे चारही चौकोन ओलांडून ती थेट कठड्याशी नेऊन ठेवली आणि काकूंना हात धरून तिच्यात बसवलं. मी बघतच राहिलो. काकूंच्या बोटांत मी दोरा दिला. वर वाऱ्यानं जोर धरला आणि त्यांचा हात एकदम पुढे ओढला गेला. त्या हसायला लागल्या. काकूंना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“ओढतोय हो! जिवंत असल्यासारखा ओढतोय. किती उंच आहे?”

कोन अडतीस होता. मी तो बघताक्षणीच ओळखला होता. दोरा दीडशे, झोळ धरून नव्वदच्या आत, आणि त्यात गॅलरीची उंची. आकडा माझ्या ओठांवर होता. काकांचा हात टेप असलेल्या खिशावर गेला, तिथंच थांबला आणि रिकामाच बाहेर आला. ते काकूंच्या खुर्चीशी वाकले. ऊन दोघांच्याही तोंडावर आलं होतं. काका पतंगाकडे बघत नव्हतेच.

“खूप उंच आहे,” ते म्हणाले. “मोजला नाही.”